एक तबकडी, दोन गोलार्ध: चक्रीवादळांच्या फिरण्यावरील प्रकल्पाच्या नोंदी

10 जून 2024, अलिबाग

बारावीच्या तीन विद्यार्थिनींसोबत आजपासून हा प्रकल्प सुरू केला. सुरुवात एका छायाचित्रापासून झाली. 8 मे 2022 रोजी उपग्रहाने टिपलेल्या हिंदी महासागराच्या चित्रात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन वादळे दिसतात. उत्तरेला बंगालच्या उपसागरातील ‘असानी’ आहे आणि दक्षिणेला मोकळ्या समुद्रातील ‘करीम’. विषुववृत्तावर आरसा उभा धरावा आणि वरच्या वादळाचे प्रतिबिंब खाली पडावे, तशी ती दिसतात. असानीचे ढग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गुंडाळले गेले आहेत आणि करीमचे काट्यांच्या दिशेने. लेखनाच्या सोयीसाठी काट्यांच्या दिशेला ‘सव्य’ आणि उलट दिशेला ‘अपसव्य’ म्हणायचे असे ठरवले. दोन्ही दिशा वरून, म्हणजे आकाशातून खाली पाहताना मोजायच्या.

चित्र पाहताच एका विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, तोच या नोंदींचा मुख्य प्रश्न आहे. “सर, पुस्तकात लिहिले आहे की उत्तर गोलार्धात कोरिऑलिस बलामुळे वारा उजवीकडे वळतो. उजवीकडे वळत राहिलेली वस्तू सव्य फिरायला हवी. मग उत्तरेचे वादळ अपसव्य कसे?” ही शंका अगदी रास्त आहे. ‘उजवीकडे वळतो, म्हणून अपसव्य फिरतो’ हे वाक्य वर्षानुवर्षे पाठ करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यातील विसंगती जाणवते. त्या विसंगतीचे उत्तर मिळेपर्यंत प्रयोगासाठीची फिरती तबकडी बांधायला घ्यायची नाही, असे ठरले.

13 जून

आधी सोपा भाग घेतला: दोन गोलार्धांत फरक मुळात पडतोच का? पृथ्वी तर एकाच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते.

भूगोलाचा गोळा टेबलावर ठेवून हळूहळू पूर्वेकडे फिरवला आणि प्रत्येकीने तो उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिला. तो अपसव्य फिरताना दिसला. मग तोच गोळा त्याच दिशेने फिरत असताना डोक्यावर उचलून धरला आणि दक्षिण ध्रुवाकडून, म्हणजे खालून पाहिला. आता तो सव्य फिरताना दिसला. काचेच्या तबकडीचे घड्याळ मागून पाहिले की त्याचे काटे उलटे फिरतात, तसाच हा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातील माणसाचे ‘वर’ म्हणजे आपल्या दृष्टीने पृथ्वीची दुसरी बाजू असते, एवढाच दोन्ही ठिकाणांत फरक आहे.

ध्रुवांवर हे सहज पटते. मधल्या अक्षांशांसाठी गोळ्यावर कागदाच्या गोल चकत्या चिकटवल्या. विषुववृत्तावरील जमीन पृथ्वीच्या अक्षाभोवती सेकंदाला सुमारे 465 मीटर वेगाने पूर्वेकडे जाते, 15 अंशांवर हा वेग सुमारे 449 मीटर होतो आणि 30 अंशांवर सुमारे 403. म्हणजे उत्तर गोलार्धातील कोणत्याही चकतीची दक्षिणेकडील कड उत्तरेकडील कडेपेक्षा वेगाने पूर्वेला जाते, आणि त्यामुळे ती चकती पूर्वेकडे सरकता सरकता स्वतःभोवती अपसव्य वळत राहते. दक्षिण गोलार्धात उत्तरेकडील कड वेगवान असते, म्हणून तेथील चकती सव्य वळते. विषुववृत्तावर मधोमध बसवलेल्या चकतीच्या दोन्ही कडांचा वेग सारखाच असतो, त्यामुळे ती नुसती सरकते, वळत नाही.

अलिबागची जमीनसुद्धा आपल्या पायाखाली अपसव्य वळत असते, पण अतिशय सावकाश. पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीला अक्षांशाच्या साइनने गुणले की ही गती मिळते, आणि त्या हिशेबाने येथे एका पूर्ण वळणाला सुमारे 75 तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. वादळात पुढे जे काही घडते त्याचे बीज या मंद वळण्यात आहे.

15 जून

आज मुख्य शंकेवर पूर्ण दुपार खर्च केली.

मोकळ्या मैदानात सोडलेला चेंडू फक्त कोरिऑलिस बलाखाली असेल, तर तो उत्तर गोलार्धात उजवीकडे वळत राहील आणि त्याचे वर्तुळ सव्यच होईल. विद्यार्थिनीचा तर्क येथपर्यंत बरोबर होता. परंतु वादळातील हवा मोकळी नसते. मध्यभागी हवेचा दाब कमी असतो आणि भोवतालची हवा सर्व बाजूंनी केंद्राकडे ओढली जाते. कोरिऑलिस बलाचे काम येथे एवढेच की केंद्राकडे सरळ निघालेल्या हवेचा नेम ते चुकवते. फळ्यावर केंद्र काढले आणि दक्षिणेकडून त्याच्याकडे येणारा बाण काढला. हवा उत्तरेकडे चालली आहे, तिचे उजवे अंग पूर्वेकडे आहे, म्हणून ती केंद्राच्या पूर्वेकडून जाऊ लागते. आता केंद्र तिच्या डाव्या हाताला आले. दाबातील फरक तिला अजूनही केंद्राकडे, म्हणजे डावीकडे खेचतो आहे, आणि हे खेचणे कोरिऑलिस बलापेक्षा जोरदार आहे. परिणामी ती डावीकडे वळत केंद्राभोवती फिरू लागते. पश्चिम, उत्तर आणि पूर्व या बाजूंनी येणारे बाणही काढून पाहिले. प्रत्येक बाण केंद्राला डावीकडे ठेवूनच पुढे गेला, आणि चारही बाण मिळून फिरणे अपसव्य झाले.

म्हणजे हवेला वळवून वर्तुळात ठेवणारे बल कोरिऑलिस नव्हे. ते काम दाबातील फरक करतो. कोणत्या बाजूने वळायचे, हे मात्र सुरुवातीचा नेम ज्या बाजूला चुकला त्यावर ठरते.

मुलींना हे लक्षात ठेवायला देवळातील प्रदक्षिणेचे उदाहरण उपयोगी पडले. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो आणि चालणे सव्य होते. दक्षिण गोलार्धातील हवा अशीच केंद्राला उजवीकडे ठेवून फिरते. आपल्याकडील वादळाची हवा प्रदक्षिणेच्या उलट जाते.

23 जून

तबकडी तयार झाली. खाली बेअरिंगवर फिरणारी जाड प्लायवुडची गोल फळी आहे, ती पट्ट्याने गिअर असलेल्या 12 व्होल्टच्या मोटरला जोडली आहे, आणि वर 40 सेंटिमीटर व्यासाचे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे गोल भांडे बसवले आहे. भांड्याच्या तळाशी बरोबर मध्यभागी छोटे भोक आहे आणि त्याला रबरी बूच. बूच काढले की पाणी फळीतील भोकातून खालच्या बादलीत पडते. मोबाइलचा कॅमेरा फळीलाच जोडलेल्या चौकटीवर बसवला, म्हणजे तो तबकडीबरोबर फिरतो. हे फार महत्त्वाचे आहे, कारण आपणही पृथ्वीवर उभे राहून, तिच्याबरोबर फिरत असतानाच वारा पाहतो.

मोटरचे दोन तारे अदलाबदल केले की तबकडी उलट फिरते. अपसव्य फिरवली की उत्तर गोलार्ध आणि सव्य फिरवली की दक्षिण गोलार्ध. वेग मिनिटाला 10 फेऱ्या, म्हणजे एका फेरीला 6 सेकंद ठेवला आहे. बूच हा येथे कमी दाबाच्या केंद्राचा बदली खेळाडू आहे. खऱ्या वादळात समुद्राच्या उष्णतेने हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला भोवतालची हवा आत येते, तर आमच्या भांड्यात पाणी खाली जाते. दोन्हींत समान गोष्ट एकच, ती म्हणजे भोवतालचे द्रव्य केंद्राकडे ओढले जाणे.

26 जून

आजचा प्रयोग उलटा आला. तबकडी अपसव्य फिरवली, 10 सेंटिमीटर पाणी भरले, कागदाचे कपटे टाकले, अर्ध्या मिनिटाने बूच काढले, आणि कॅमेऱ्यात कपटे सव्य फिरताना दिसले. दोनदा केले, दोन्ही वेळा तेच. मुलींचे चेहरे उतरले आणि खरे सांगायचे तर मलाही क्षणभर काही सुचेना.

संध्याकाळी चित्रफीत सुरुवातीपासून पाहिली तेव्हा चूक सापडली. बूच काढण्याच्या आधीपासूनच कपटे कॅमेऱ्यात सव्य फिरत होते. तबकडी फिरू लागली होती, पण पाणी अजून तिच्याबरोबर फिरू लागले नव्हते. स्थिर पाणी अपसव्य फिरणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले, तर ते उलट, म्हणजे सव्य जातानाच दिसणार. पाण्याला ही गती तळाच्या पातळ थरामार्फत मिळते. पाण्याची खोली, त्याचा चिकटपणा आणि फिरण्याचा वेग यांवरून हिशेब केला, तर आमच्या भांड्यात त्यासाठी लागणारा काळ 100 सेकंदांच्या घरात येतो, आणि पाणी पूर्ण निवांत व्हायला त्याच्या कित्येक पट थांबावे लागते.

यातून पुढील नियम ठरला. 15 मिनिटे थांबायचे, आणि बूच काढण्यापूर्वी कपटे कॅमेऱ्यात जागच्या जागी थबकलेले दिसलेच पाहिजेत. ते हलत असतील तर प्रयोग मोजायचा नाही.

29 जून

आज नियम पाळून सहा वेळा प्रयोग केला. तीन वेळा अपसव्य तबकडी, तीनही वेळा भोवरा अपसव्य. तीन वेळा सव्य तबकडी, तीनही वेळा भोवरा सव्य. शेवटी तबकडी न फिरवता, पाणी रात्रभर ठेवून बूच काढले, तेव्हा कपटे जवळपास सरळ मध्याकडे आले आणि अगदी भोकाजवळ थोडे गरगरले.

एका विद्यार्थिनीने निरीक्षण नोंदवले: “भोवरा तबकडीच्याच दिशेने फिरतो, फक्त तिच्यापेक्षा जोरात.” या प्रकल्पातील हे सर्वांत नेमके वाक्य आहे. पाणी आधीच तबकडीबरोबर फिरत असते. ते आत ओढले गेले की त्याची त्रिज्या कमी होते, पण कोनीय संवेग तेवढाच राहतो, म्हणून गती वाढते. त्रिज्या तिसऱ्या हिश्शावर आली तर फिरण्याचा वेग नऊ पट व्हायला हवा. 18 सेंटिमीटरवरून 6 सेंटिमीटरवर आलेले पाणी एका फेरीला 6 ऐवजी पाऊण सेकंद घेताना कॅमेऱ्यात दिसायला हवे होते. (कॅमेरा स्वतः एक पट फिरतो, म्हणून नऊऐवजी आठने भागायचे.) आम्हाला सव्वा सेकंदाच्या आसपास आकडा मिळाला. तळाचे घर्षण काही संवेग खाऊन टाकते आणि सगळेच पाणी 18 सेंटिमीटरवरून निघालेले नसते, हे लक्षात घेतले तर मला हा फरक समाधानकारक वाटतो.

‘जमीन ज्या दिशेने पायाखाली वळते, त्याच दिशेने वादळ वळते’ ही मांडणी मला कोरिऑलिस बलाच्या मांडणीपेक्षा अधिक स्वच्छ वाटते. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. एक फिरत्या जमिनीवरून सांगते आणि दुसरी बाहेरून पाहून.

3 जुलै

आता तबकडीवरचा हिशेब खऱ्या वादळाला लावला. हवेचे एक कडे केंद्रापासून 300 किलोमीटरवर जमिनीच्या सापेक्ष स्थिर आहे आणि ते 50 किलोमीटरपर्यंत आत येते, असे मानले. त्याचा कोनीय संवेग टिकतो असे धरले, तर किती वारा सुटेल?

```python
import math
OMEGA = 7.292e-5

def v(lat, r0, r):
    f = 2*OMEGA*math.sin(math.radians(lat))
    return f*(r0**2 - r**2)/(2*r)

for lat in (15, 5, 0, -5, -15):
    print(lat, round(v(lat, 300e3, 50e3), 1))
```

उत्तरे अनुक्रमे 33.0, 11.1, 0.0, -11.1 आणि -33.0 मीटर प्रतिसेकंद आली. धन म्हणजे अपसव्य, ऋण म्हणजे सव्य. 15 अंशांवर तासाला सुमारे 119 किलोमीटरचा वारा मिळतो, आणि वादळाच्या वाऱ्याचा हा अगदी ओळखीचा आकडा आहे. तेच कडे 5 अंशांवर आत आले तर तासाला जेमतेम 40 किलोमीटरचा वारा सुटतो. विषुववृत्तावर काहीच नाही. हवा केंद्रापर्यंत सरळ पोहोचते आणि कमी दाबाची जागा भरून टाकते, त्यामुळे वादळ उभेच राहत नाही. चक्रीवादळे सामान्यतः विषुववृत्तापासून 5 अंशांच्या आतल्या पट्ट्यात का जन्मत नाहीत, याचे कारण या पाच आकड्यांत दिसते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट तपासली. 15 अंशांवर, 50 किलोमीटर अंतरावर 33 मीटरचा वारा असताना त्या वाऱ्यावरील अपकेंद्री बल कोरिऑलिस बलाच्या सुमारे 17 पट भरते. 300 किलोमीटरवर 10 मीटरचा वारा घेतला तर दोन्ही जवळपास सारखी होतात. म्हणजे वादळाच्या डोळ्याजवळ कोरिऑलिस बलाला फारसे महत्त्व उरत नाही. दिशा ठरवण्याचे काम बाहेरच्या विस्तीर्ण भागात, हवा आत यायला निघते तेव्हाच झालेले असते.

घर्षणाचा विचार या हिशेबात नाही. समुद्राच्या पृष्ठभागाशी घासताना हवा बराच संवेग गमावते, म्हणून खरी वादळे याहून दूरची हवाही आत ओढतात. आमचा आकडा केवळ अंदाजाची पातळी सांगतो, अंदाज वर्तवण्यासाठी तो वापरता येणार नाही.

5 जुलै

हात धुण्याच्या बेसिनबद्दल घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट अर्थातच निघाली: उत्तर गोलार्धात पाणी एका दिशेने आणि दक्षिणेत दुसऱ्या दिशेने निचरते म्हणे. 30 सेंटिमीटर रुंदीच्या बेसिनच्या कडेला अलिबागच्या जमिनीच्या वळण्याने मिळणारा वेग काढला. तो तासाला साधारण सव्वा सेंटिमीटर भरला. नळातून पडलेले पाणी आपल्या मनाने याच्या हजारो पट वेगाने हलत असते. म्हणून बेसिनची दिशा नळाचा कोन आणि भांड्याचा आकार ठरवतो. जमिनीवर उठणाऱ्या धुळीच्या छोट्या वावटळी दोन्ही दिशांनी फिरतात, त्याचेही कारण हेच.

तरीही हे बल पाण्याच्या भांड्यात अजिबातच दिसत नाही, असे नाही. 1962 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये अ‍ॅशर शपिरो यांनी 6 फूट व्यासाच्या टाकीत 6 इंच पाणी भरून ते 24 तास स्थिर ठेवले आणि मग हळुवारपणे बूच काढले. पहिली 12 ते 15 मिनिटे काही दिसले नाही, आणि त्यानंतर पाण्यावरचा छोटा तरंगता क्रॉस अपसव्य फिरू लागला. 1965 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे असाच प्रयोग केला गेला, तेव्हा पाणी सव्य फिरले. 26 जूनला आमचा प्रयोग का फसला, हे ज्याला कळले त्याला शपिरो यांच्या 24 तासांची किंमत कळते.

10 जुलै

वादळांची दिशा माहीत होण्यासाठी कोरिऑलिसची वाट पाहावी लागली नव्हती, हे आज मुलींना सांगितले. फ्रान्सच्या गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी 1835 साली जे लिहिले ते यंत्रांच्या फिरत्या भागांविषयी होते, हवेचा त्यात विषयच नव्हता. वातावरणाला ते सूत्र नीट लावले अमेरिकेच्या विल्यम फेरेल यांनी, 1850च्या दशकात. पण त्याआधीच कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या नोंदवह्या चाळून वादळांचे नकाशे काढत होते. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच घडवला. 1848 साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकासोबत पारदर्शक शिंगाच्या पातळ चकत्या मिळत. त्यांवर वाऱ्याचे बाण काढलेले असत आणि खलाशाने ती चकती सागरी नकाशावर ठेवून वादळाचे केंद्र कोठे आहे ते ओळखायचे. अशा चकत्या दोन होत्या, उत्तर गोलार्धाची एक आणि दक्षिण गोलार्धाची दुसरी. कारण कळण्याआधी माणसांनी निरीक्षणाच्या बळावर दोन चकत्या बनवल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे 1857 साली डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलॉट यांनी मांडलेला नियम आजही कामाचा आहे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. दक्षिण गोलार्धात तो उजव्या हाताला असेल. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ नैऋत्येकडून आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. नकाशावर पारदर्शक कागदाची चकती ठेवून मुलींनी स्वतः शोधून काढले की अशा वादळात केंद्राच्या दक्षिणेकडील गावांवर वारा समुद्राकडून येतो आणि उत्तरेकडे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाण्याची भिंत किनाऱ्यावर ढकलण्याच्या दृष्टीने या दोन बाजूंत मोठा फरक आहे. दक्षिण गोलार्धात हीच चकती उलटी करून ठेवावी लागते.

14 जुलै

शेवटी असानी आणि करीमकडे परत आलो. दोन वादळे योगायोगाने एकाच वेळी दिसली असतील, असे मुलींना वाटत होते. तसे नाही. अशा जोड्यांच्या मागे पुष्कळदा विषुववृत्ताला लागून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणाऱ्या वाऱ्याचा एक पट्टा असतो. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला वारा मंद किंवा उलट दिशेचा असतो. नदीच्या मध्यात धार जोरात आणि काठाशी संथ असली की दोन्ही काठांच्या बाजूंनी भोवरे उलटसुलट फिरतात, तसे येथे होते. पट्ट्याच्या उत्तरेकडील हवेला अपसव्य आणि दक्षिणेकडील हवेला सव्य पीळ बसतो. जमिनीच्या वळण्याने मिळणारा पीळही त्या त्या बाजूला त्याच दिशेचा असल्याने दोन्ही एकमेकांत मिळतात, आणि समुद्र पुरेसा तापलेला असेल तर एकाच पट्ट्याच्या दोन बाजूंना दोन वादळे उभी राहतात.

“मग हा पट्ट्याचा पीळच जोरदार असेल, तर विषुववृत्ताच्या अगदी जवळसुद्धा वादळ होईल का?” असा प्रश्न आला. होते, पण क्वचित. 27 डिसेंबर 2001 रोजी सिंगापूरच्या ईशान्येला, विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर ‘वामेई’ वादळ तयार झाले. हिवाळ्यातील ईशान्येचा जोरदार वारा दक्षिण चीन समुद्राच्या अरुंद भागात शिरला आणि बोर्निओजवळच्या भोवऱ्याशी त्याची गाठ पडली. जमिनीच्या वळण्यातून जो पीळ मिळत नव्हता तो असा दुसरीकडून मिळाला. उत्तर गोलार्धातील असल्याने तेही अपसव्यच फिरले. 5 अंशांची रेषा भिंत नाही, हे या वादळामुळे विसरता येत नाही.

असानी 11 मे 2022 रोजी कमकुवत होत आंध्र प्रदेशात मछलीपट्टणमजवळ किनाऱ्याला लागले आणि करीम मोकळ्या समुद्रातच विरले. तयार झालेले वादळ विषुववृत्त ओलांडून पलीकडे जात नाही, कारण तेथे पीळ देणारी जमीनच वळत नाही आणि पलीकडे ती उलट वळते.

29 जूनच्या दोन चित्रफिती, अपसव्य आणि सव्य, आज एकाखाली एक जोडल्या आणि त्यांच्या शेजारी 8 मेचे छायाचित्र लावले. पुढील प्रयोगासाठी पाण्याची खोली 10 ऐवजी 20 सेंटिमीटर ठेवायची आहे. तळाच्या घर्षणाचा वाटा त्यामुळे कमी झाला, तर 6 सेंटिमीटरवरील फेरी सव्वा सेकंदावरून पाऊण सेकंदाकडे सरकली पाहिजे. पाणी निवांत व्हायला मात्र दुप्पट वेळ, म्हणजे अर्धा तास द्यावा लागेल.